मे महिन्याची तयारी श्रावणात
(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या रविवारच्या गप्पांमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्त बँकवाल्याला माईक दिला की तो मुदत ठेवीवर बोलणार, अशी तुमची समजूत असेल. आज तसं काही नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत मार्च महिना आला की माझ्या दाराची बेल वाजते. कोणीतरी कॉलेजचा मुलगा नाहीतर मुलगी उभी असते, मागे आई असते, आणि वाक्य ठरलेलं असतं : "आजोबा, मे महिन्यात इंटर्नशिप करायचीय, तुमच्या ओळखीनं एखाद्या बँकेत बघा की." तारीख असते साधारण २४ किंवा २५ मार्च. मी आत बसवतो, चहा होतो आणि मग सांगावं लागतं, की बाळांनो, पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूसही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत फोन करायचं धाडस करत नाही.

म्हणून आजचा विषय एवढाच : उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपची शोधाशोध किती आधी सुरू करायची आणि तोपर्यंतच्या एकेका महिन्यात काय करायचं. मुलं मला विचारतात, "आजोबा, नक्की कधीपासून?" त्याचं एकच उत्तर नाही. कारण ती तारीख तुमच्या हातात नसते. जो तुम्हाला घेणार, तो कधी ठरवतो, यावर ती अवलंबून असते. आम्ही बँकेत ड्यू डेटची डायरी ठेवायचो. ज्या दिवशी कागदाची मुदत संपते ती तारीख आधी लिहायची आणि मग मागे मोजत यायचं : आठवण-पत्र कधी, सही कधी, भेट कधी. इंटर्नशिपला हाच हिशेब लागतो. पुढून मोजू नका, मागून मोजा.

तीन प्रकारची दारं

माझ्या अनुभवानं दारं तीन प्रकारची असतात.

पहिलं दार ठरलेल्या तारखेला उघडतं आणि ठरलेल्या तारखेला बंद होतं. तिथं ओळख चालत नाही, उशीर चालत नाही. रिझर्व्ह बँकेचं उदाहरण घेऊ, कारण ते मला जवळचं. रिझर्व्ह बँक दरवर्षी उन्हाळ्यासाठी विद्यार्थी घेते, जास्तीत जास्त १२५, सगळ्या देशातून. अर्जाची खिडकी अलीकडच्या वर्षांत १५ ऑक्टोबरला उघडते आणि १५ डिसेंबरला बंद होते. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती, फेब्रुवारी-मार्चमध्ये नावं, आणि काम एप्रिलपासून, फार तर तीन महिने. महिन्याला २०,००० रुपये मिळतात. अर्थशास्त्र, वाणिज्य, संख्याशास्त्र, बँकिंग, व्यवस्थापन, कायदा अशा विषयांचे पदव्युत्तर किंवा पाच वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचे विद्यार्थी यात बसतात, पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कायद्याचेही बसतात. अट अशी, की तुम्ही शेवटून दुसऱ्या वर्षात हवेत. म्हणजे दोन वर्षांचं एम.ए. असेल तर पहिल्या वर्षी. आता बघा, मे महिन्यातल्या कामाचं दार डिसेंबरच्या मध्यावरच बंद झालं! मार्चमध्ये माझी बेल वाजवणाऱ्याला ते दार कधी उघडलं होतं हेसुद्धा माहीत नसतं.

शास्त्र आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी असंच दुसरं दार आहे. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या आपल्या देशाच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. त्याचे अर्ज साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात. आपल्याला काय करायचंय याचं छोटं टिपण त्यात लिहावं लागतं आणि तुम्हाला शिकवलेल्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं.

दुसरं दार आपल्या गावातलं, म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित वसाहतीतले मोठे-मध्यम कारखाने आणि मोठ्या सहकारी संस्था. इथं तारीख छापलेली नसते. पण माणसं साधारण जानेवारी-फेब्रुवारीत मे महिन्याचा विचार करू लागतात. तुम्ही ऑगस्टमध्ये पत्र टाकलंत तर ते फायलीत जातं आणि विसरलं जातं. मार्चमध्ये टाकलंत तर कुणाला वाचायला वेळ नसतो.

तिसरं दार छोट्यांचं : उद्यमनगरातला वर्कशॉप, एखाद्या सीएचं ऑफिस, वकील, आर्किटेक्ट, छोटं सॉफ्टवेअर युनिट. इथं मालकच एचआर असतो, तोच शिपाई. तो तीन-चार आठवड्यांच्या पलीकडचं ठरवत नाही. तिथं आधी जाऊन उपयोग नाही, वेळेवर जाऊन उभं राहावं लागतं. आणि हो, उद्यमनगरात सोमवारी जाऊ नका, सुट्टी असते.

म्हणजे मुलांनो, "किती आधी" याचं उत्तर असं निघतं. पहिल्या दारासाठी ऑगस्ट, म्हणजे श्रावण. दुसऱ्यासाठी यादी डिसेंबरमध्ये, पत्र जानेवारीत. तिसऱ्यासाठी एप्रिलचा उत्तरार्ध. आणि तिन्ही दारांचा विचार श्रावणात एकदा करून ठेवायचा, कारण पहिलं दार कधी बंद झालं तेच कळलं नाही, असं होऊ द्यायचं नाही.

नातीचं वर्ष

नुसतं सांगून पटत नाही, म्हणून घरातलंच उदाहरण देतो. माझी नात, मुलीची मुलगी. विद्यापीठात अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या पहिल्या वर्षाला. तिनं आणि मी मिळून जुन्या बँकेच्या डायरीत एक एक महिना लिहून काढला होता. ती डायरी आज सोबत आणली आहे.

ऑगस्ट. पहिलं पान : "मे महिन्यात मी नक्की कधी मोकळी?" हा प्रश्न साधा वाटतो, पण निम्मी मुलं इथंच चुकतात. तिला मी विभागात पाठवलं, दुसऱ्या सत्राची परीक्षा साधारण कधी संपेल हे विचारायला. उत्तर आलं, मे महिन्याच्या मध्यापर्यंत धरून चाला. आता रिझर्व्ह बँकेचं काम एप्रिलमध्ये सुरू होतं. म्हणजे निवड झाली तर परीक्षेशी टक्कर. ज्यांचं सत्र मार्च-एप्रिलमध्ये संपतं अशा संस्थांच्या मुलांना हे सोपं जातं, आपल्याकडच्या मुलांना हा पेच पडतो. तो पेच मुलाखतीच्या दिवशी कळण्यापेक्षा ऑगस्टमध्ये कळलेला बरा. तिनं ठरवलं, अर्ज करायचा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवायची नाही.

त्याच महिन्यात कागद काढले. आणि इथं माझ्यातला बँकवाला जागा झाला. तिच्या गुणपत्रिकेवर नाव आडनावापासून सुरू होतं, शेवटी आईचं नाव. आधारवर नाव वेगळ्या क्रमानं. आणि बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त! अर्ज भरताना नाव कुठलं लिहायचं? आणि पैसे मिळायचे झाले तर ते जमा कुठल्या नावावर व्हायचे? पासबुक दुरुस्त करून घ्यायला आम्हाला दोन आठवडे लागले. तेही माझ्या जुन्या शाखेत! हे काम शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री होत नाही.

सप्टेंबर. या महिन्यात एकच काम : "मला काय करायचंय" हे अर्ध्या पानात लिहायचं. तिनं पहिल्यांदा लिहिलं ते असं होतं, की मला बँकिंग क्षेत्रात रस आहे आणि मला खूप शिकायची इच्छा आहे. मी म्हणालो, "हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी लिहिलं असतं तरी चाललं असतं. यात तू कुठं आहेस?" मग तिला रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल वाचायला लावला, सगळा नाही, सहकारी बँकांविषयीचा भाग. तो अहवाल बँकेच्या संकेतस्थळावर फुकट असतो. चार वेळा खाडाखोड झाली. शेवटी तिनं लिहिलं, की कोल्हापुरात सोनेतारण कर्ज लोक वर्षाच्या कुठल्या महिन्यात जास्त उचलतात आणि का, हे मला आकड्यांवरून बघायचंय. हे झालं वाक्य! हे वाचून समोरचा माणूस मान वर करतो. कारण आता तो तिला एक टेबल आणि एक रजिस्टर देऊ शकतो. "खूप शिकायची इच्छा" असलेल्या मुलाला काय द्यायचं हे कुणालाच कळत नाही, म्हणून त्याला झेरॉक्स काढायला बसवतात.

आणखी एक गोष्ट सप्टेंबरमध्ये लक्षात आली. ऑक्टोबरमध्ये अर्ज भरताना एम.ए.चा एकही निकाल हातात नसतो. वर्ग सुरू होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. म्हणजे अर्जात दाखवायला बी.ए.चे गुण आणि हे अर्धं पान, एवढंच. म्हणून त्या अर्ध्या पानावर महिना घालवला तरी तो वाया गेलेला नाही.

ऑक्टोबर. १५ तारखेला खिडकी उघडली, २० तारखेच्या आत अर्ज गेला. एवढी घाई का? दिवाळी. आपल्याकडे हे कुणी लक्षातच घेत नाही. दिवाळीची सुट्टी लागली की कॉलेजचं ऑफिस बंद, विभागप्रमुख गावी, शिक्का कपाटात. सुट्टी संपली की सत्र परीक्षा. बाहेरून बघितलं तर मुलाकडे दोन महिने असतात, पण सही-शिक्क्याचे दिवस मोजले तर जेमतेम पंधरा-वीस निघतात. आमच्या शेजारच्या एका मुलाचं विज्ञान अकादमीचं असंच झालं. टिपण तयार, गुणपत्रिका तयार, आणि शिफारसपत्र देणारे सर दिवाळीत परगावी. त्यांना त्यानं विचारलं होतं ते फक्त चार दिवस आधी. सर भले, पण प्रवासात त्यांनी तरी काय लिहावं? शिफारस मागायची तर दसऱ्याच्या आसपास मागा, आणि मागताना आपलं टिपण, गुण आणि शेवटची तारीख एका कागदावर लिहून द्या. सरांना ऐंशी मुलं असतात, तुमचं सगळं त्यांना आठवत नसतं.

नोव्हेंबर-डिसेंबर. परीक्षा आणि दुसऱ्या दाराची यादी. आम्ही दहा नावं काढली. नागरी सहकारी बँका, दोन पतसंस्था, एका फाउंड्रीचा कॉस्टिंग विभाग, दोन सीए. प्रत्येक नावापुढे तीन रकाने : तिथं माणूस कोण, मे महिन्यात तिथं काय चाललेलं असतं, आणि मी त्यांना काय करून देऊ शकते. मधला रकाना फार महत्त्वाचा आहे. त्यावर मी थोड्या वेळानं येतो.

जानेवारी. दहा पत्रं गेली. ई-मेल आणि शिवाय छापील प्रतसुद्धा, कारण आपल्याकडच्या कित्येक संस्थांत ई-मेल उघडणारा माणूस वेगळा आणि ठरवणारा वेगळा. पत्र एक पानाचं. पहिल्याच परिच्छेदात तारखा : अमुक तारखेपासून सहा आठवडे, रोज पूर्ण वेळ. सोबत विभागाचं बोनाफाईड आणि पत्र. या दहांचं काय झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही निराश होणार नाही. दोघांनी आपणहून उत्तर दिलं. तिघांनी दहा दिवसांनी फोन केल्यावर दिलं. एक पत्र परत आलं. चौघांचं आजतागायत काही नाही. दहातली पाच दारं हलली, आणि त्यातली तीन हलली ती केवळ एका फोनमुळे. फोन करताना तिला लाज वाटत होती. मी म्हणालो, "अगं, आम्ही वसुलीला फोन करायचो, तू तर काम मागतेयस."

फेब्रुवारी. रिझर्व्ह बँकेकडून मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. सगळ्या देशातून मुलं असतात, त्यात रुसण्यासारखं काही नाही. पण त्या अर्जासाठी केलेलं अर्धं पान वाया गेलं नाही. तेच पान घेऊन ती तीन ठिकाणी समक्ष जाऊन आली. एका नागरी बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "मलाच प्रश्न पडला." काम ठरलं. आणि तिनं एक शहाणपणा केला. घरी येऊन त्याच दिवशी त्यांना एक ओळीचा मेल टाकला, की आपलं असं असं ठरलं, अमुक तारखेला मी हजर होते. तोंडी ठरलेलं मार्चमध्ये विसरतं, लिहिलेलं राहतं.

मार्च. डायरीत एकच ओळ आहे : "कुणालाही फोन नाही."

एप्रिल. पंधरवडा उलटल्यावर एक आठवणीचा मेल, एवढंच. बाकी अभ्यास.

मे. परीक्षा संपल्यावर चौथ्या दिवशी कामावर. त्यांनी तिला दोन वर्षांच्या सोनेतारण कर्जांच्या नोंदी दिल्या, खातेदारांची नावं झाकून. तिनं महिनावार तक्ता केला. त्या बँकेत जूनमध्ये कर्जं वर चढत होती, शाळेची फी आणि पेरणी एकाच वेळी येतात म्हणून. आम्ही काउंटरवरचे लोक हे अंदाजानं जाणायचो, पोरीनं कागदावर दाखवलं. साहेबांनी तो तक्ता ठेवून घेतला.

मे महिन्यात तिथं काय चाललेलं असतं?

आता तो मधला रकाना. कोल्हापूरच्या माणसाला तरी हे कळायला हवं, कारण आपलं सगळं गाव हंगामावर चालतं.

आपल्या इमारतीतला एक मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. त्याच्या आजोबांच्या ओळखीनं साखर कारखान्यात महिनाभराचं प्रशिक्षण मिळालं. पोरगा खूश. त्याला सहवीजनिर्मिती बघायची होती, चालता बॉयलर आणि टर्बाइन. मे महिन्यात गेला तर बॉयलर थंड! कारण गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि ऊस संपेल तसा मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतो. मे महिना दुरुस्तीचा. मिलचे रोलर उतरवलेले, नळ्या साफ करायचं काम चाललेलं. पहिले चार दिवस तो नाराज होता. पण मग तिथल्या एका जुन्या फिटरनं त्याला सांगितलं, की चालत्या मिलमध्ये तुला फक्त आवाज ऐकू आला असता, आता आतलं सगळं उघडं दिसतंय. त्यानं मग रोलरची झीज मोजण्यावर आपला अहवाल केला आणि तो चांगला झाला. मेकॅनिकलच्या मुलाचं निभावलं. हाच मुलगा केमिस्ट्रीचा असता आणि त्याला रसाचं पृथक्करण करायचं असतं, तर प्रयोगशाळेत मे महिन्यात करायचं काय? त्यानं खरं तर डिसेंबरच्या सुट्टीतले दहा-बारा दिवस मागायला हवे होते. साखर कारखाना निवडायचा तर आधी विचारा, की मला चालता कारखाना बघायचाय की उघडा.

फाउंड्रीचं तसं नाही. ती बारा महिने चालते. तिथं रिजेक्शनचं रजिस्टर असतं : किती कास्टिंग बाद झाली, कशामुळे, वायूची पोकळी राहिली की वाळू आत गेली. तीन आठवड्यांची नोंद घेऊन कुठला दोष कुठल्या पाळीत जास्त येतो एवढं जरी मांडलं तरी ते त्यांच्या उपयोगाचं असतं. तुम्ही पत्रात हे लिहिलंत तर समोरचा ओळखतो, की याला फाउंड्री म्हणजे काय हे माहीत आहे. शिवाय शॉप फ्लोअरवर जायचं तर सेफ्टी शूज, अठरा वर्षं पूर्ण, आणि बहुतेक ठिकाणी कॉलेजचं पत्र व विम्याचा कागद मागतात. हे फेब्रुवारीतच विचारून घ्या.

आणि आता बँका व सीए. ३१ मार्चला वर्षअखेर. त्याआधीचे तीन आठवडे बँकेत आणि कारखान्यांच्या अकाउंट्स विभागात कुणाला मान वर करायला सवड नसते. १ एप्रिलनंतर सुटका झाली असं तुम्हाला वाटतं, पण तेव्हा बँकांच्या शाखांचं ऑडिट लागतं आणि सीए मंडळी तिकडे असतात. मी शाखेत असताना एप्रिलचा पहिला पंधरवडा ऑडिटरसाहेबांना जेवण कुठून मागवायचं याच विवंचनेत जायचा. म्हणून १० मार्च ते १५ एप्रिल हा काळ पैशाशी संबंधित कुठल्याही ऑफिसात काम मागण्यासाठी बंद समजा. त्याआधी ठरवा, नाहीतर त्यानंतर जा. सीएच्या ऑफिसात मे महिन्यात थोडी उसंत असते आणि जुलैअखेर विवरणपत्रांची गर्दी असते, तेव्हा मे-जूनमध्ये गेलेला मुलगा त्यांना हवाच असतो.

मार्चमध्ये आणखी एक अडचण असते. नव्या शैक्षणिक धोरणात एम.ए., एम.कॉम.ला पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस. कॉलेजात याची सूचना मार्चमध्ये लागली की अख्खा वर्ग एकाच आठवड्यात त्याच पाच बँकांच्या दारात उभा राहतो. तुम्ही जानेवारीत गेलात तर तुमच्याकडे अर्ज करणारा विद्यार्थी म्हणून बघतात, मार्चमध्ये गेलात तर गर्दीतला एक म्हणून.

उशीर झालाच तर

आता मागं बसलेली काही मुलं मनात म्हणत असतील, "आजोबा, आमचा श्रावण गेला, जानेवारीही गेली." ठीक आहे. ज्याचा उशीर झाला त्यानं पहिली दोन दारं सोडून द्यावीत, त्यात वेळ घालवू नये. १५ एप्रिलनंतर तिसऱ्या दारात उभं राहावं. यादी वीस नावांची करावी, दहाची नाही. सकाळी साडेदहाच्या आत समक्ष जावं, मालक तेव्हाच सापडतो. आणि महिनाभराऐवजी पंधरा दिवस मागावेत. पंधरा दिवसांना "हो" म्हणणं कुणालाही सोपं जातं, आणि काम बरं दिसलं तर तोच म्हणतो, राहा अजून.

पण उशीर झालेल्या मुलांना एक धोका असतो, तोही सांगतो. एप्रिल-मे महिन्यात मोबाईलवर जाहिराती येतात, घरबसल्या इंटर्नशिप, नामांकित कंपनीचं प्रमाणपत्र, नोंदणी फी अमुक हजार. आपल्याच इमारतीतल्या एका कुटुंबाचे असे पैसे गेले. ओळखायचं कसं? जो काम देतो तो पैसे मागत नाही, हा पहिला नियम. आणि दुसरा, तुमच्यावर देखरेख करणाऱ्या माणसाचं नाव आणि बसायची जागा विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते काम नव्हे, कागदाची विक्री आहे. घाबरलेला मुलगा फसतो, आणि घाबरतो तो उशीर झालेला.

आणखी एक खुलासा. केंद्र सरकारची पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. त्याबद्दल पालक मला विचारतात. सुरू झाली तेव्हा ती बारा महिन्यांची होती आणि पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांसाठी नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी तिचा उपयोग नाही, तेव्हा तिची वाट बघत बसू नका.

शेवटी दोन शब्द मोठ्यांसाठी. आपल्या सोसायटीत वर्कशॉपवाले आहेत, दोन डॉक्टर आहेत, एक वकीलसाहेब आहेत, सहकारी संस्थेत काम करणारे चार-पाच जण आहेत. तुम्ही मे महिन्यात एखादा मुलगा किंवा मुलगी ठेवून घेऊ शकत असाल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सेक्रेटरीसाहेबांना तेवढं सांगा : किती जण, किती आठवडे, काम काय. पगार दिला नाही तरी चालेल, काम मात्र द्या. सेक्रेटरीसाहेबांनी जिन्याखालच्या फळ्यावर एक कागद लावायचं कबूल केलं आहे. त्याच्या शेजारी मी माझ्या नातीच्या डायरीचं एक पान लावणार आहे, ऑगस्ट ते मे. त्यातली मार्चची ओळ मी लाल शाईनं लिहिली आहे.

मुलांनो, माझी बेल वाजवायला कधीही या. फक्त श्रावणात या. तेव्हा चहाबरोबर उपासाची खिचडीही असते.